शून्याच्या खालचे मजले

बोरी अरबच्या शाळेत देवराव भगत गुरुजींना सहावीचं गणित मिळालं, तेव्हा स्टाफरूममध्ये कोणी तोंडावर काही बोललं नाही. पाठीमागे बोलले, आणि ते देवरावांच्या कानावर यायचं ते आलंच. मास्तरकीचं नॉर्मल स्कूल पास झालेला माणूस, वर्गात पहिला आलेला, पण शाळेत आल्यापासून त्याच्या वाट्याला काय? पहिलीची पोरं, चित्रकला आणि कवायत. गणित म्हणजे हेडमास्तर नरहर गुरुजींची मालकी. वीस वर्षं ते गणित शिकवत आलेले, आणि गणित सगळ्यांना झेपत नसतं हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते बोलताना ते देवरावांकडे बघायचे नाहीत, पण कोणाला उद्देशून आहे ते बाकावरच्या धुळीलासुद्धा कळायचं.

देवरावांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. छप्पन साली आई मथुराबाईला घेऊन ते नागपूरला गेलते, दीक्षा घेऊन आले, आणि तेव्हापासून घरात बुद्धाचा फोटो आणि ताठ मान अशा दोन नव्या वस्तू आल्या. वस्तीतला मास्तर झालेला हा पहिलाच माणूस. अशा माणसानं पहिलीच्या पोरांची नाकं पुसली तर गावाची काही हरकत नव्हती. गणित शिकवतो म्हटलं की मात्र भुवया वर चढायच्या.

पण बासष्टच्या दिवाळीनंतर नरहर गुरुजींचे गुडघे धरले, तासन्‌तास फळ्यापाशी उभं राहवेना, आणि सहावीचं गणित सोडावं लागलं. सोडताना त्यांनी अट घातली. तपासणीपर्यंत तुमच्याकडे, म्हणाले. तपासणीला पोरांनी तोंड उघडलं तर पुढंही तुमच्याकडेच. नाही उघडलं तर मी खुर्ची टाकून बसून शिकवीन, आणि तुम्ही तुमच्या पहिलीत. देवराव हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण घरी जाताना त्यांना पक्कं कळलं होतं, की या खेपेला गणित हातचं गेलं तर या शाळेत ते पुन्हा कधी हाती लागायचं नाही. त्यांच्याच काय, त्यांच्या वस्तीतल्या पुढच्या मास्तरच्याही.

आणि नशीब बघा, नेमका पुढचा धडा ऋण संख्यांचा. नरहर गुरुजींनी जाता जाता सल्ला दिला, त्यात शिकवायचं काही नाही, नियम पाठ करून घ्या, पाठांतरानं सगळं निघतं. देवरावांना हे पटलं नाही. शून्यातून काही वजा होत नाही असं ज्या पोरांना पाचवीपर्यंत बजावलंय, त्यांना अचानक शून्याच्या खाली संख्या आहेत म्हटलं, तर ती पाठ करतील, पण मनातून म्हणतील की गुरुजी फेकून राह्यले.

म्हणून त्यांनी थंडीपासून सुरुवात केली. आता यवतमाळ जिल्ह्यात थंडी ती कसली! इथं उन्हाळ्यात पारा शेचाळीसला टेकतो आणि हिवाळ्यात एक घोंगडं पुरतं. पण ते वर्ष लढाईचं होतं. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर लडाखच्या बातम्या चालायच्या, शाळेनं जवानांसाठी लोकर गोळा केली होती, पोरींनी मफलर विणले होते. देवरावांनी वर्गाला विचारलं, पाण्याचा बर्फ होतो ती थंडी शून्य अंश धरली, तर लडाखात त्याहून जास्त थंडी पडते ती कशी सांगाल? उकंडा नावाचं एक बोलघेवडं पोरगं म्हणालं, शून्याच्या बी खाली. बस्स, देवरावांना एवढंच हवं होतं.

शाळेच्या अंगणाकडच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं एक उभी रेघ ओढली. मधोमध गेरूची जाड आडवी खूण, तिथं शून्य. वर सारख्या अंतरानं एक, दोन, तीन असे दहापर्यंत. खाली उणे एक, उणे दोन, उणे तीन असे उणे दहापर्यंत. शून्याचा अंश हा नव्या मापाचा, सेल्सिअसचा, हे त्यांनी सांगितलं, कारण शाळेच्या पेटीतला जुना थर्मामीटर फॅरनहाइटचा होता आणि त्याच्यात बर्फ बत्तीसवर व्हायचा. पोरांना याची गंमत वाटली. थंडी तीच आणि आकडा निराळा?

देवराव म्हणाले, "शून्य कुठं धरायचं ते माणसानं ठरवलंय. एकदा धरलं की मग मात्र हलवायचं नाही."

मग त्यांनी विचारलं, उणे दोन आणि उणे सात, मोठी संख्या कोणती? सगळा वर्ग ओरडला, सात! का, तर थंडी जास्त. देवरावांनी पोरांना भिंतीपाशी नेलं. थंडी जास्त, हे बरोबर. पण आपण थंडी मोजत नाही, तापमान मोजतो, आणि तापमान वर चढलं की संख्या मोठी. उणे सात खाली आहे की उणे दोन? उणे सात खाली. मग लहान कोणती? पोरं थोडी घुटमळली आणि मग एकेकाच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्या दिवशी देवराव घरी गेले ते शीळ घालतच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिफ्ट काढली. स्वतः त्यांनी लिफ्ट एकदाच पाहिली होती, मुंबईला एका परिषदेला गेलते तेव्हा. खाकी कपड्यातला माणूस लोखंडी जाळी ओढायचा आणि खोलीच्या खोली वर जायची, आणि इमारतीखाली तळघरांचे मजले होते तिथंही उतरायची. पोरांची हे ऐकून तोंडं मिटेनात. विहिरीतल्या बादलीवानी का, गुरुजी? हो, म्हणाले, तशीच, फक्त बादलीत माणसं. जमिनीचा मजला शून्य, वरचे एक, दोन, तीन, आणि तळघरं उणे एक, उणे दोन.

नुसतं सांगून देवरावांचं समाधान होईना. त्यांनी भिंतीवरच्या रेघेच्या वर, वळचणीच्या वाशाला विहिरीची कप्पी अडकवली, दोरी टाकली, आणि दोरीला लिफ्ट म्हणून काय बांधलं? तर जवारी मोजायची जुनी पायली. नव्या वजनमापांचा कायदा आल्यापासून बाजारात पायल्या अडगळीत पडत चालल्या होत्या, एका दुकानदारानं हसत हसत एक देऊन टाकली. लोखंडी पत्र्याची, कडेला पितळी पट्टी असलेली. पोरांनी दोरी ओढली की पायली वर चढायची, सोडली की खाली यायची. पोरं अशी खूश झाली, की मधल्या सुटीतही दोरी कोणी सोडेना.

इथवर सगळं छान. मग गणितं सुरू झाली आणि सगळं फिसकटलं.

लिफ्ट उणे दोनवर आहे, पाच मजले वर गेली, कुठं थांबेल? वर्ग म्हणाला, दोनवर. देवरावांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. दोनवर. तीनवरून पाच मजले खाली? वर्ग म्हणाला, उणे एकवर. यायला हवं होतं उणे दोन. शून्यावरून चार वर? तीनवर म्हणाले, आणि छातीठोकपणे म्हणाले. एक पोरगं चुकलं तर समजता येतं, चार चुकली तरी समजता येतं. पण सबंध वर्ग एकच चूक करतो, आणि प्रत्येक उत्तर नेमकं एका पावलानं कमी, याला काय म्हणावं?

देवरावांना आधी वाटलं पोरं शून्य गाळताहेत. पण शून्य गाळलं असतं तर पहिलं उत्तर चार यायला हवं होतं, दोन नव्हे. एकमेकांचं बघून लिहिताहेत म्हणावं, तर वेगळं बसवलं तरी तेच. त्यांनी पुन्हा समजावलं, पुन्हा विचारलं, आवाज चढवला. देवराव सहसा पोरांवर ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले, आणि ओरडल्याबद्दल त्यांना स्वतःचाच राग आला.

त्यातच नरहर गुरुजी गुडघा चोळत व्हरांड्यातून चालले होते. थांबले, दोन गणितं ऐकली, पायलीकडे पाहिलं. म्हणाले, तपासणी शुक्रवारी ठरली आहे. आणि गेले. तीन दिवस उरले होते, आणि वर्गाला शून्यावरून चार पावलं चालता येत नव्हती.

रात्री जेवण गेलं नाही. मथुराबाईनं विचारलं, काहून रे, भाकर खाल्ली नाही? म्हणाले, भूक नाही. तिनं ताट उचललं नाही. तिच्या डोळ्यांसमोर त्यांनी मग गुपचूप खाल्लं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओरडणं बंद केलं आणि ऐकायचं ठरवलं. आजवर पोरं मनात मोजत होती आणि उत्तर तेवढं सांगत होती. देवरावांनी रुपी राठोडला पुढं बोलावलं. ही बंजाऱ्यांच्या तांड्यावरची पोरगी, भीमसिंगची लेक, वर्गात सगळ्यांत शांत आणि सगळ्यांत चांगली. तिला म्हणाले, दोरी हातात घे, आणि प्रत्येक मजल्याला काय मोजतेस ते मोठ्यानं म्हण. लिफ्ट उणे दोनवर आहे. पाच वर ने.

रुपीनं पायली उणे दोनच्या खुणेला नीट लावली. पायलीच्या काठावर हात ठेवला आणि म्हणाली, "लाभ."

मग दोरी ओढली. दोन. तीन. चार. पाच. पायली दोनच्या खुणेवर जाऊन थांबली.

देवरावांनी पायलीच दोन्ही हातांत धरली. अरे देवा! लाभ! त्यांच्या स्वतःच्या कानांनी हा शब्द लहानपणापासून ऐकलेला. खळ्यावर मजुरीची जवारी मोजायचा तेव्हा मालक पहिल्या पायलीला कधी एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा, मग दोन, तीन. आईनं पदर धरलेला असायचा आणि ते तिच्या बाजूला उभे असायचे. घराघरात हेच चालतं. पोरांच्या हाताला पायली लागली की तोंडात लाभ येणारच. आणि देवरावांनी काय केलं होतं? लिफ्ट म्हणून पायलीच आणून दिली होती! पायली जिथं उभी, तिथंच लाभ. उभ्या जागेचा मजलाच पोरांनी पहिला मोजला होता, म्हणून प्रत्येक उत्तर एका पावलानं कमी.

मनात त्यांनी स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि हसू लागले. पोरांना कळेना गुरुजींना झालं तरी काय. देवरावांनी उकंडाला पळवलं आणि बांधकामाच्या ढिगातून टोपलंभर रेती आणवली, एक रिकामं पोतं मागवलं. पायली दोरीतून सोडवून रेतीनं भरली आणि पोत्यापाशी तशीच धरून उभे राहिले.

"रुपी, आता पोत्यात किती झाली?"

"काहीच नाही, गुरुजी. अजून कुठी ओतली?"

"मग लाभ कधी म्हणायचं?"

"ओतल्यावर."

त्यांनी पायली ओतली. सगळा वर्ग म्हणाला, लाभ. पुन्हा भरली, नुसती धरली. वर्ग गप्प. ओतली. वर्ग म्हणाला, दोन. देवरावांनी रिकामी पायली पुन्हा दोरीला बांधली, उणे दोनच्या खुणेवर नेली आणि वर्गाकडे बघितलं. कोणी बोलेना. त्या गप्प बसण्यानं त्यांना एवढा आनंद झाला, की सांगायची सोय नाही. मग त्यांनी दोरी ओढली, पायली उणे एकवर आली, आणि सबंध वर्ग एका आवाजात म्हणाला, लाभ! शून्यावर दोन, एकवर तीन, दोनवर चार, तीनवर पाच.

उभं राहणं मोजायचं नाही, हलणं मोजायचं. नियम पाठ करून घ्यायची गरजच पडली नाही. त्या तासाला वर्गानं इतकी गणितं केली, की कोळशाच्या खुणा हातांनी पुसत आल्या आणि रुपीला त्या पुन्हा काढाव्या लागल्या. तापमान उणे चार, सहानं चढलं, किती? दोन. दोन अंश होतं, सातानं उतरलं, किती? उणे पाच. उत्तरं नुसती येत नव्हती, उड्या मारत येत होती.

आता तुम्ही म्हणाल, सगळं ठीक झालं. पण तपासणी म्हणजे काय असतं हे त्या काळच्या शाळेत गेलेल्यालाच ठाऊक. गुरुवारी दुपारी नरहर गुरुजींनी दोन मजूर लावले आणि शाळेला चुना मारून घेतला. दर तपासणीला मारतात, यंदाही मारला, त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. देवराव संध्याकाळी कवायत घेऊन आले तेव्हा भिंत पांढरीफटक झाली होती. रेघ नाही, गेरूची खूण नाही, कप्पी उतरवलेली, पायली कुठंतरी कोपऱ्यात टाकलेली. नव्या चुन्यावर पुन्हा कोळसा ओढू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा नरहर गुरुजींनी कपाळावर हात मारला. साहेब यायचे आणि भिंतीवर कोळसा? फळा कशासाठी आहे?

फळा होता, पण ठेंगणा. उणे पाचपासून पाचपर्यंत उभी रेघ त्याच्यावर मावेना, खुणा इतक्या जवळ यायला लागल्या की मागच्या बाकावरून दिसेनात. रेघ आडवी काढावी लागणार होती. आणि पोरांनी आडवी संख्यारेषा कधी बघितलेलीच नव्हती.

शुक्रवारी दारव्ह्याहून शिक्षण विस्तार अधिकारी दीनानाथ साहेब आले. लोक त्यांना जुन्या सवयीनं डिप्टी साहेबच म्हणायचे. माणूस मऊ बोलायचा, पण प्रश्न असे विचारायचा की मास्तर लोकांच्या कपाळावर घाम यायचा. सहावीच्या वर्गात आले, नरहर गुरुजी त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसले. देवरावांनी फळ्यावर आडवी रेघ काढली, मधे शून्य, उजवीकडे धन, डावीकडे ऋण.

साहेबांनी विचारलं, तापमान उणे तीन आहे, दुपारपर्यंत आठ अंशांनी चढलं, रात्री नऊ अंशांनी उतरलं. किती झालं?

उकंडानं हात वर केला. उभा राहिला, फळ्याकडे बघितलं, आणि मान उजव्या खांद्यावर पार आडवी टाकली. वर्गात कोणी खुदकन हसलं. नरहर गुरुजींचा चेहरा उतरला. साहेबांनी भुवई उंचावून विचारलं, मानेला काही झालंय का?

उकंडा मान तशीच ठेवून म्हणाला, "नाही साहेब. भिंत आडवी झाली, म्हणून मान आडवी केली. असं केलं की उजवीकडचं वर जाते." मग ओठ हलवले, आणि सांगितलं, "दुपारी पाच. रात्री उणे चार."

आणि मान सरळ केली. साहेबांनी देवरावांकडे पाहिलं, भिंत म्हणजे काय ते विचारलं. देवरावांनी लिफ्टची गोष्ट सांगितली, पायलीची सांगितली, चुन्याचीही सांगितली. नरहर गुरुजी खुर्चीत जरा सावरून बसले. साहेबांना अजून पोरं घोकून आलीत की काय याची शंका असावी, कारण त्यांनी फळा पुसायला सांगितला. रेघ गेली. आता पोरांपुढं भिंत नाही, फळा नाही, काही नाही.

"लिफ्ट," साहेब म्हणाले, "तळघराच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. वर तिसऱ्या मजल्यावर जायचंय. किती मजले चढेल?"

नरहर गुरुजींचे ओठ हलले. ते हळूच चार म्हणाले, स्वतःशीच, पण देवरावांनी ऐकलं. त्याच वेळी मागच्या बाकांवरून दोघं-तिघं पाच म्हणाले. नरहर गुरुजींनी देवरावांकडे असं पाहिलं, की पहिलीच्या वर्गाची किल्ली आताच हातात द्यावी.

रुपी उठली. ही पोरगी परक्या माणसापुढं कधी तोंड उघडायची नाही. आज ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती उभी राहिली आणि उत्तर न देता तिनं उलटा प्रश्न केला. "साहेब, तुमच्या इमारतीत जमिनीचा मजला शून्य धराचा का पहिला?"

देवरावांना वाटलं, संपलं. पोरीनं साहेबालाच प्रश्न विचारला.

साहेब पुढं झुकले. म्हणाले, समज, शून्य धरला तर?

"तर पाच. शून्याच्या खाली दोन, वर तीन."

"आणि पहिला धरला तर?"

"तर तिसरा म्हणजे जमिनीच्या वर दोनच झाले. खालचे दोन अन् वरचे दोन, चार." रुपीनं थोडा श्वास घेतला. "आमच्या गुरुजींनी सांगतलं, शून्य माणूस ठरवते. तुमी ठरवलं नाही, म्हणून इचारलं."

साहेब खुर्चीतून उठले. नरहर गुरुजीही उठले, गुडघा विसरून. साहेबांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, तुमचं उत्तर काय होतं, गुरुजी? खरं सांगायचं तर नरहर गुरुजींचं मोठेपण तिथं दिसलं. ते म्हणाले, माझं चार होतं. आमच्या घरी जमिनीच्या मजल्याला पहिला म्हणतात. शून्य कुठं धरायचं हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

साहेब हसले आणि म्हणाले, प्रश्न मी मुद्दामच अर्धा विचारला होता. दारव्हा तालुक्यात आजवर बरीच उत्तरं मिळाली, चार मिळालं, पाच मिळालं, सहाही मिळालं. पण अर्धा प्रश्न आहे असं कोणी सांगितलं नव्हतं. मग ते देवरावांकडे आले आणि वर्गासमोर, हेडमास्तरांसमोर, त्यांनी हात पुढं केला. देवरावांच्या हाताला खडू लागलेला होता, तो त्यांनी धोतराला पुसला आणि हात दिला. पुढच्या महिन्यात दारव्ह्याला तालुक्यातल्या सगळ्या सहावीच्या मास्तरांना बोलावतो, साहेब म्हणाले, तुम्ही हा धडा त्यांना घेऊन दाखवायचा. आणि रुपीकडे बोट करून म्हणाले, हिला आणि त्या मान आडवी करणाऱ्यालाही घेऊन या.

पोरांनी जो गोंधळ घातला, तो पार बाजाराच्या चौकापर्यंत ऐकू गेला असेल. कवायतीत कधी सरळ न उभं राहणारी पोरं बाकांवर उभी राहिली आणि ओरडू लागली, आणि देवरावांनी त्यांना गप्प केलं नाही. करायलाच हवं होतं, साहेब होते. पण नाही केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवावं असं त्यांना वाटलं नाही.

साहेबांची गाडी निघाल्यावर नरहर गुरुजी वर्गाच्या दारात आले. म्हणाले, देवराव, सहावीचं गणित तुमच्याकडे. आणि पुढच्या वर्षी सातवीचंही घ्या. माझे गुडघे काही बरे व्हायचे नाहीत. देवरावांनी मान डोलावली. त्यांना वाटलं होतं की असं काही झालं तर आपण मोठं काहीतरी बोलू. पण ते एवढंच म्हणाले, तुम्ही बसून ऐकायला येत जा, गुरुजी. आणि नरहर गुरुजी म्हणाले, येईन.

देवराव घरी निघाले ते बाजारपेठेतून, भर उन्हात, आडवळणानं न जाता सरळ मधल्या रस्त्यानं. दोघा-तिघा दुकानदारांनी हाक मारली, काय गुरुजी, आज लय खुशीत? बातमी त्यांच्याआधीच पोचली होती. खालच्या वस्तीत शिरले तर पोरं अंगणात विटेच्या तुकड्यानं आडवी रेघ ओढून उड्या मारत होती, शून्यावर एक पाय आणि उणे दोनवर दुसरा.

मथुराबाई उंबऱ्याशी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. देवराव तिच्यापुढं उभे राहिले. वाटेत त्यांनी काय काय सांगायचं ते सगळं जुळवलं होतं, साहेबांचा हात, दारव्ह्याचा धडा, पोरांचा गोंधळ. तोंडातून निघालं ते एवढंच.

"आई, गणित माझ्याकडंच राह्यलं."

तिनं वर पाहिलं नाही. शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"मंग," ती म्हणाली, "दुसऱ्या कोनाकडं राह्यलं असतं?"

आणि मग तिनं वर पाहिलं, आणि हसली, आणि पदरानं डोळे पुसायला लागली.